"भिंतीमागे मेलो" रिव्ह्यूला सर्व्हरवाल्याचं उत्तर

"एक स्टार. काउंटर-स्ट्राइक सोर्सच्या डस्ट टू मॅपवर मिड क्रॉस करून भिंतीमागे पोचलो तरी एडब्ल्यूपीने मेलो. सर्व्हरचा डेमो काढून बघितला, त्यातही मी भिंतीमागेच आहे. समोरचा १२० पिंगवाला, माझा २०. महिन्याला १५० रुपये ह्यासाठी द्यायचे का? सेटिंग केलेला सर्व्हर आहे."

सॉरी भाऊ, असं मेल्यावर डोकं फिरतं, मीपण खेळतो, मला माहितेय. बाकी सगळं ऐकून घेतो पण तो डेमो पुरावा म्हणून टाकलात ना ते मनाला लागलं, कारण रात्री दुकान बंद करून तोच डेमो मी चारदा बघितला आणि त्यात सर्व्हरची काहीच चूक नाहीये.

गोळी लागली का हे सर्व्हर "आत्ता" बघून ठरवत नाही. मारणाऱ्याने ट्रिगर दाबला तेव्हा त्याच्या स्क्रीनवर तुम्ही जिथे दिसत होतात तिथे सर्व्हर तुम्हाला क्षणभर मागे नेऊन ठेवतो, गोळी तपासतो आणि परत जागेवर आणतो. प्रत्येक टिकला, म्हणजे सर्व्हरच्या हिशोबाच्या प्रत्येक ठोक्याला, सगळे प्लेयर कुठे होते ते तो लक्षात ठेवतो त्यासाठीच. किती मागे जायचं, तर मारणाऱ्याचा पिंग, म्हणजे त्याच्याकडून सर्व्हरला जाऊन परत यायला लागणारे मिलीसेकंद, अधिक त्याचा इंटरपोलेशनचा वेळ, म्हणजे हालचाल गुळगुळीत दिसावी म्हणून गेम दुसऱ्यांना मुद्दाम थोडं जुनं दाखवतो तेवढा. तो पोरगा जर्मनीत शिकतो, पिंग १२०, आणि इंटरपोलेशनचा वेळ ठरवणारं cl_interp त्याने कधी बदललंच नाही, जसं आलं तसं 0.1, म्हणजे १०० मिलीसेकंद. झाले २२०. तुम्ही चाकू हातात घेऊन पळत होतात, वेग सेकंदाला २५० युनिट, म्हणजे २२० मिलीसेकंदात ५५ युनिट. प्लेयरची रुंदी ३२ असते. आता बघा, त्याने झाडली तेव्हा त्याच्या स्क्रीनवर तुम्ही दरवाज्याच्या फटीत मधोमध होतात आणि ती गोळी सर्व्हरला पोचेपर्यंत तुम्ही पावणेदोन माणसं पुढे, दगडी भिंतीमागे. (लाकडातून आरपार गेली असं पण नाही, तो मुद्दा कुणीतरी काढेलच म्हणून सांगतो.) तुमच्या स्क्रीनवर तर अजून पुढे, कारण तुमचा २० पिंग त्यात धरायचा राहिला, म्हणजे ६० युनिट.

आणि डेमोत काय रेकॉर्ड होतं, तर सर्व्हरचा "आत्ता". ते मागे नेऊन तपासणं त्यात दिसतच नाही. म्हणून डेमोत तुम्ही भिंतीमागे दिसणारच, सेटिंग असो नसो.

ही आमची पैसे घेऊन केलेली भानगड नाही हो. ज्यांनी हे गेममध्ये घातलं त्या वाल्व्हच्या याह्न बर्नियरने २००१ लाच लिहून ठेवलंय की आडोशाला गेल्यावरपण गोळी लागल्यासारखं वाटेल. बंद करता येतं, sv_unlag 0. एका रविवारी केलं होतं. अर्ध्या तासात आरडाओरडा, "नेम बरोबर आहे तरी लागत नाही". साहजिक आहे, ४० पिंगवाल्यालापण १४० मिलीसेकंद पुढचा अंदाज घेऊन मारावं लागतं, पळणारा माणूस तेवढ्यात ३५ युनिट सरकतो, म्हणजे अंगावर धरलेला नेम पूर्ण हवेत.

अजून एक, बोलणार नव्हतो. त्याच डेमोत आठव्या राउंडला तुम्ही लाँगच्या कोपऱ्यावर एकाला मारलंय, तोपण भिंतीआड गेलेला दिसतो. तेव्हा स्टार द्यायला आला नाहीत.

असो. sv_maxunlag आपल्याकडे 1.0 होतं, पूर्ण एक सेकंद मागे जायची मुभा, ते मी काल 0.25 केलंय, म्हणजे ३००-४०० पिंगवाल्यांसाठीपण सर्व्हर आता पाव सेकंदापेक्षा जास्त मागे जाणार नाही, उरलेल्या वेळाचा पुढचा अंदाज त्यांनी घ्यावा. खरं सांगतो, तुमचं ते मरण ह्याने वाचलं नसतं, २२० आतच बसतं. त्यासाठी मारणाऱ्याचा interp कमी पाहिजे आणि cl_interp मला सर्व्हरवरून दाबता येत नाही, ज्याने त्याने कन्सोलमध्ये टाकायचंय:

```
cl_interp 0
cl_interp_ratio 2
cl_updaterate 66
```

ह्याने १०० चे साधारण ३० होतात. त्या पोराला मेसेज केलाय, जॉइन होताना सगळ्यांना दिसेल असंपण काहीतरी लावतो, जमेल तसं. तुम्हीपण टाका, तुमचंपण 0.1 च असणार.

१५० परत हवे असतील तर आजच्या आज पाठवतो, वाद नाही. फक्त तो "सेटिंग" शब्द काढा भाऊ, दोन जण तो वाचूनच स्लॉट सोडून गेले.