उपरोक्त विषयास अनुसरून नापास

पहिल्या सत्राच्या चाचणीत मी नापास झालो. चाळीसपैकी अकरा. वय वर्षे शेहेचाळीस. संध्याकाळच्या गणिताच्या वर्गात मी स्वतःच्या हौसेने नाव घातलं होतं, त्यामुळे दोष द्यायला आईवडीलही हाताशी नाहीत. पेपर परत देताना पुढच्या बाकावरच्या पोराने तो व्यवस्थित घडी घालून माझ्याकडे सरकवला. घडी त्याने अशा बेताने घातली होती की तांबडा अकरा बरोबर वरच्या बाजूला आला. वर म्हणाला, "काका, तुमचा."

ते "काका" मला अजून बोचतंय.

मॅडम माझ्याहून वीसेक वर्षांनी लहान. जादा तासाला बसायचं असेल तर लेखी द्या म्हणाल्या. आता पत्र लिहायचं तर मायना काय घालायचा? वयाकडे पाहिलं तर "चि." लिहायला हवं आणि गुणांकडे पाहिलं तर "गुरुवर्य". मधलं काही मराठीत नाही. या विचारात मी गॅलरीत कागद घेऊन बसलो, आणि तिथेच चुकलं. शेजारच्या गॅलरीत नाना होते.

नाना चौतीस वर्षं हेडक्लार्क होते. निवृत्त झाले, पण हात निवृत्त झाला नाही. कोरा कागद दिसला की त्यांना समास आखावासा वाटतो.

"काय, अर्ज का?"

"पत्र आहे, नाना. मॅडमना."

"पत्र बायकोला लिहितात. मागणी आली की अर्ज," असं म्हणत ते चष्मा पुसत आमच्या घरात दाखलही झाले. "विषय काय टाकलाय?"

मी वाचून दाखवलं, "मॅडम, मला गणित समजत नाही, कृपया मदत करावी."

नानांनी डोळे मिटले. कुणीतरी गेल्याची बातमी कळावी तसे. मग म्हणाले, "विषयाच्या शेवटी 'बाबत' नाही. ज्याच्या शेवटी 'बाबत' नाही ते टेबलावरून पुढे सरकत नाही. लिही. जादा मार्गदर्शन मिळणेबाबत. खाली संदर्भ. पेपर कोणत्या तारखेला दिला?"

"नाना, पेपर त्यांनीच तपासलाय. त्यांना ठाऊक आहे."

"त्यांना ठाऊक आहे, फायलीला आहे का?"

याला उत्तर नव्हतं. पुढचा पाऊण तास मी फक्त बोरू होतो. "उपरोक्त विषयास अनुसरून विनंतीपूर्वक सादर करण्यात येते की" इथे पहिला परिच्छेद संपला तरी गणित आलं नव्हतं. दुसऱ्यात माझी कौटुंबिक परिस्थिती आली. ती बरी आहे असं मी सांगून पाहिलं. "बरी लिहिलीस तर मंजूर कोण करणार?" म्हणून नानांनी ती हलाखीची केली. तिसऱ्यात "सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा". माझी सही झाल्यावर त्यांनी एक प्रत स्वतःसाठी काढायला लावली. तिला स्थळप्रत म्हणतात. मूळ प्रतीवर मॅडमची पोच घेऊन यायला बजावलं ते वेगळंच.

मी पोच मागितली नाही. एवढी लाज शिल्लक होती.

दोन दिवसांनी अर्ज परत आला. "सहानुभूतीपूर्वक"मधला दीर्घ ऊ मी ऱ्हस्व काढला होता, त्याला तांबडा गोल. आणि खाली एकच ओळ : "नेमकं काय समजत नाही?"

म्हणजे मी पत्रातसुद्धा नापास.

राग आला. इथे मला थोडं खरं बोलू द्या. काय समजत नाही हे समजलं असतं तर मी नापास कशाला झालो असतो? आणि पेपरभर नुसत्या फुल्या मारताना, गाडी कुठे घसरली ते एका शब्दाने लिहिलं असतं तर हात झिजला असता का? शेवटच्या ओळीवर फुली मारली की पोराला वाटतं शेवटची ओळच चुकली. चूक असते दुसऱ्या ओळीत. एका वर्गात पन्नास पेपर तपासायचे असतात, मान्य आहे. पण माझा एकच होता.

तर त्या रागातच रात्री पेपर उघडला आणि गेलेल्या एकोणतीस गुणांच्या चार ढिगाऱ्या केल्या. पाच गुणांचा शेवटचा प्रश्न वेळ संपल्यामुळे कोराच. चार गुण प्रश्न उतरवतानाच सहाचा शून्य केल्याने गेले. सहा गुण शाब्दिक उदाहरणांत, तिथे समीकरणच मांडता आलं नाही. आणि उरलेले चौदा, म्हणजे जवळजवळ निम्मे, पाच वेगवेगळ्या प्रश्नांत एकाच जागी सांडलेले. मी पाच चुका केल्याच नव्हत्या. एकच चूक निष्ठेने पाचदा केली होती.

ती अशी. ५ − २(x − ३) = १ सोडवायचं होतं. मी कंस सोडवून लिहिलं ५ − २x − ६ = १ आणि उत्तर काढलं x = −१. ते मूळ समीकरणात घालून पाहायची बुद्धी परीक्षेत झाली नाही. घातलं असतं तर डावीकडे तेरा आले असते, उजवीकडे एक. रात्री अकरा वाजता घातलं तेव्हा आले.

मग नुसता कंस घेतला. −२(x − ३). x च्या जागी ३ ठेवले की कंसात शून्य, म्हणजे सगळंच शून्य यायला हवं. माझ्या −२x − ६ मध्ये ३ ठेवले तर उणे बारा. ६ च्या आधी अधिक केला तर बरोबर शून्य. म्हणजे कंसाबाहेरचा उणे नुसत्या x ला भेटून परत फिरत नाही, तो आतल्या ३ लाही भेटतो. मी मात्र आतला उणे जसाच्या तसा ठेवत होतो, भाडेकरूची वस्तू हलवायची नाही अशा सभ्यपणाने.

दुसरं पत्र सात ओळींचं झालं. मायना "आदरणीय मॅडम". खाली ते उदाहरण माझ्या पायऱ्यांसह, चुकीची ओळ अधोरेखित. पुढे लिहिलं की ६ च्या आधी अधिक हवा हे ३ ठेवून पटलं, पण उणे दोन गुणिले उणे तीन अधिक सहा का होतात हे पटलेलं नाही. त्याला वीस मिनिटं द्याल का, शाब्दिक उदाहरणं मग, आणि पुढचा धडा सुरू होण्याआधी, कारण त्यात पानोपानी कंस दिसताहेत. हलाखी गाळली.

मॅडमचं उत्तर त्याच कागदावर आलं. "मंगळवारी वर्गाआधी या. ३ ठेवून पाहिलंत ना, तिथूनच सुरू करू." शुद्धलेखनाचा एकही गोल नव्हता.

नानांना कागद दाखवला. त्यांनी तो उलटसुलट केला, उजेडाकडे धरला.

"यावर जावक क्रमांक कुठाय?" म्हणाले. "मंगळवारी त्या नाही म्हणाल्या तर काय दाखवशील?"