देव्हाऱ्याच्या कोरीवकामाला लिंबू-सोडा नको

देव्हारा साफ करायचा एक उपाय असा सांगितला जातो: "एक कप गरम पाण्यात दोन चमचे खायचा सोडा आणि एका लिंबाचा रस घालून देव्हाऱ्यावर फवारा, दहा मिनिटांनी जुन्या टूथब्रशने घासा आणि वरून खोबरेल लावा. तूप-तेलाचा थर निघून लाकूड नव्यासारखे चमकते."

लिंबू आणि सोडा एकत्र येताच जो फेस येतो, त्यातच लिंबाचे आम्ल संपते आणि दोन चमच्यांपैकी बराचसा सोडा तसाच उरतो. म्हणजे फवारले जाते ते सोड्याचे पाणी. ते सुकले की कोरलेल्या पाकळ्यांच्या तळाशी पांढरी पूड बसते आणि सागासारखे लाकूड त्याने काळपटही पडू शकते.

खरे नुकसान गरम पाण्याने होते. जुन्या देव्हाऱ्यांवर बहुधा चपडीचे, म्हणजे लाखेचे, पॉलिश असते आणि गरम ओलाव्याने त्यावर पांढुरके डाग उमटतात. सपाट फळी लगेच पुसता येते, परंतु कोरीव खाचेत पाणी साचून राहते आणि मुंबईच्या पावसाळ्यात ते दिवसचे दिवस सुकत नाही.

गिरगावात मावशीकडे सागवानी देव्हाऱ्याच्या दारावर मोर कोरलेला आहे. निरांजनाच्या बाजूचा त्याचा पिसारा इतका बुजला होता की पिसांवरचे डोळे बोटालाच लागत, नजरेला दिसत नसत. आम्ही आधी मूर्ती आणि दिवे हलवले आणि मऊ कोरड्या ब्रशने वरून खाली धूळ झाडली, कारण ओल्या फडक्याखाली तीच धूळ चिखल होऊन खाचेत बसते. गोठलेले तूप बांबूच्या बोथट काडीने उचलले. मग वाटीभर कोमट पाण्यात भांड्यांच्या लिक्विड सोपचे दोन थेंब घालून, घट्ट पिळलेल्या सुती चिंधीने वीतभर भागच पुसला, त्यावर साध्या पाण्याची पिळलेली चिंधी फिरवली आणि तो लगेच कोरडा केला. हे सारे आधी दाराच्या मागच्या कोपऱ्यावर करून पाहिले होते. चिंधीवर तपकिरी रंग उतरला असता, तर पॉलिशच निघते आहे असे समजून तिथेच थांबलो असतो.

तिळाचे किंवा सूर्यफुलाचे तेल वर्षानुवर्षे हवेत राहून चिवट राळेसारखे होते; ते साबणाला दाद देत नाही. त्यासाठी कापसाच्या बोळ्यावर थोडे मिनरल टर्पेंटाइन घेतले. दिवा-उदबत्ती विझवून आणि खिडक्या उघडूनच हे करावे, आणि वापरलेले बोळे घराबाहेर मोकळ्यावर वाळवावेत. टर्पेंटाइनऐवजी स्पिरिट मात्र घेऊ नये, कारण चपडी त्यातच विरघळते. टर्पेंटाइनलाही न हटलेला थर आम्ही खरवडला नाही. पिसाऱ्याच्या टोकाला तो अजून आहे.

खोबरेल तर मुळीच लावू नये. ते सुकत नाही, चिकटच राहते, आणि त्यावर रस्त्याची धूळ व उदबत्तीची काजळी बसून जे तयार होते, तेच आम्ही दोन दुपारी बसून काढत होतो.