मैदानावरची मराठी वर्गात शिकवताना

परप्रांतातून आलेल्या मुलांची प्रमाण मराठी आधी पक्की होऊ द्यावी, बोलीतले आणि टोळक्यातले शब्द वर्गात आणूच नयेत, असे मत शिक्षकांच्या गप्पांत वारंवार ऐकू येते. मला ते पटत नाही. नाशिकमधल्या सातपूर आणि अंबडच्या कारखान्यांत कामाला आलेल्या उत्तर प्रदेश-बिहारकडच्या कुटुंबांतील मुलांना मी मराठी शिकवते. 'राडा', 'कल्टी', 'येडा' हे शब्द त्यांच्या कानावर मधल्या सुट्टीत पडतातच. ते कोणाला, कोणत्या सुरात म्हणायचे, हे मात्र तिथे कोणी समजावून सांगत नाही.

माझी सुरुवात बहुधा 'भारी'पासून होते. हा शब्द कोणाला दुखावत नाही आणि लिंगाप्रमाणे बदलतही नाही: भारी मुलगा, भारी सायकल, भारी गाणे. हिंदीत नपुंसकलिंग नसल्यामुळे 'झाला, झाली, झालं' हा गुंता पहिल्याच शब्दाला नको असतो. एक अडचण मात्र येते. हिंदीत 'भारी' म्हणजे वजनदार, त्यामुळे मुलाच्या चित्राला कोणी 'लई भारी' म्हटले की ते कागदाकडे संशयाने पाहते. म्हणून मी वह्यांचा गठ्ठा त्याच्या हातात देऊन 'जड' म्हणते, चित्र उचलून 'भारी' म्हणते, आणि पुढे स्पष्टीकरण देत बसत नाही.

खरी कसोटी 'गप' या शब्दाची. गोरखपूरकडच्या एका चौथीतल्या मुलाने मित्राला सांगितले की गावी त्यांच्या आंब्याच्या झाडावर साप राहतो. मित्र डोळे मोठे करून म्हणाला, "गप ए!" आपल्याला हे आश्चर्य म्हणून कळते, त्या मुलाला ती आज्ञा वाटली आणि तो खरोखर गप्प झाला. वर्गात तोच शब्द मी रोज शांतता करायला वापरते, तेव्हा त्याचे काय चुकले?

अशा वेळी मी शब्द फळ्यावर लिहिते आणि मुलांना तीनच गोष्टी विचारते: कोण कोणाला म्हणाले, म्हणताना चेहरा कसा होता, आणि ऐकणाऱ्याने पुढे काय केले. मग तोच शब्द तीन प्रकारे वठवायचा. बाईंचा 'गप' तुटक आणि उतरत्या सुराचा असतो, रडणाऱ्या बाळाला थोपटत आई 'गप, गप' म्हणते तो हळू आणि लांबवलेला, आणि मित्राचा 'गप ए' वर चढत जाणारा. ऐकणाऱ्या मुलाने प्रत्येक वेळी वेगळे उत्तर द्यायचे असते, मित्राच्या 'गप ए'नंतर "आईशप्पथ, खरंच!" म्हणून गोष्ट पुढे चालू ठेवली, की शब्द समजला असे मी धरते. अर्थ विचारून ही खात्री होत नाही, कारण अर्थ मुले पाठ करतात.

वहीत दोन रकाने असतात: 'मला समजतो' आणि 'मी बोलतो'. 'येडा' पहिल्या रकान्यात बराच काळ राहतो, आणि मी त्याची घाई करत नाही. येडा, येडी आणि येडं ही तीन रूपे आहेतच, पण 'येडं आहे ते' यातली माया फक्त जवळच्या माणसाने म्हटल्यावरच लागू पडते; तेच परक्याने म्हटले तर अपमान होतो. नवखे मूल मुलीलाही 'येडा' म्हणते, वर्ग हसतो आणि आपला विनोद जमला असे त्याला वाटते. पण इतर मुले नंतर त्याचाच उच्चार नक्कल करून म्हणू लागली, तर हसू शब्दावरचे नव्हते, हे शिक्षकाने ओळखले पाहिजे आणि तो शब्द मुकाट्याने पहिल्या रकान्यात परत न्यावा.

'तू'चे प्रकरण सौम्य वाटते, पण तिथेही घोळ होतो. मराठी मुले आईला आणि आजीला सर्रास 'तू' म्हणतात हे ऐकून या मुलांना आधी धक्का बसतो, मग सवलत मिळाल्यासारखे वाटते, आणि एक दिवस "बाई, तू बस ना" ऐकू येते. मी रागावत नाही. घरात कोणाला तू आणि कोणाला तुम्ही, ही यादी वर्गातल्या स्थानिक मुलांकडूनच करवून घेते. त्यात वडिलांबाबत त्यांचेच आपसात मतभेद होतात, तेही या मुलांनी ऐकलेले बरे.

जातीवरून किंवा शरीरव्यंगावरून केलेले शब्द या दोन्ही रकान्यांत बसत नाहीत. एखाद्या मुलाने तसा शब्द आणलाच, तर मी त्याला बाजूला घेऊन अर्थ सांगते, कारण अर्थ लपवला की तो चुकीच्या माणसासमोर वापरला जातो. त्याचा अभिनय मात्र करवून घेत नाही.

दर जूनमध्ये मी जुनी यादी स्थानिक मुलांसमोर ठेवते आणि शिळे झालेले शब्द त्यांनाच खोडायला सांगते. खान्देशाकडून आलेला 'काय भो' अजून खोडला गेलेला नाही. मी वापरते त्यांपैकी काही शब्दांवर मात्र ती मुले माझ्यासमोरच हसतात.