आत्या, ती सेफ्टी पिन आधी खाली ठेव

«मोबाईलचं चार्जिंग लूज झालंय? दुकानात जाऊन लुटले जाऊ नका! १) सेफ्टी पिनने आतला कचरा खरवडून काढा. २) सॅनिटायझरचे दोन थेंब टाकून जोरात फुंकर मारा. ३) मधली पट्टी पिनने हलकेच वर उचला, पकड नव्यासारखी घट्ट होईल. ४) दुकानदार हेच करून पाचशे रुपये घेतात. सर्व ग्रुपवर पाठवा.»

हा मेसेज आमच्या आत्याने फॅमिली ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, «पहिलं झालं, तिसरं करतेय.» मी मोबाईल दुरुस्तीचं काम करतो. ते वाचल्या वाचल्या तिला फोन केला. पट्टी अजून शाबूत होती, हे नशीब.

तिसऱ्या मुद्द्यापासूनच सुरुवात करतो, कारण बाकीच्यांनी फोन खराब होईल, याने हमखास मोडेल. टाइप-सी पोर्टात टॉर्च मारून बघा. मधोमध एक पातळ पट्टी दिसेल. ती फक्त ०.७ मिलिमीटर जाडीची असते. प्लास्टिकची, आत धातूचा पत्रा, आणि वर-खाली मिळून २४ सोनेरी संपर्क. केबलची पकड ही पट्टी वाकवून येतच नाही. पकड धरणाऱ्या स्प्रिंगा केबलच्या तोंडात असतात. त्या पट्टीच्या दोन्ही कडांवरच्या खाचांत बसतात, तेव्हा तो ‘टक्’ आवाज येतो. टाइप-सीच्या मूळ मानकातच हे तसं ठरवलेलं आहे. झिजणारा भाग स्वस्त केबलमध्ये ठेवायचा, महागड्या फोनमध्ये नाही. त्याच मानकात जोडणीची किमान १०,००० वेळा लावण्या-काढण्याची क्षमता मागितली आहे. रोज दोनदा चार्जिंगला लावलं तरी तेरा वर्षांहून जास्त. तेवढी वर्षं आपण फोन वापरत नाही.

मग पट्टी वर उचलली की काय होतं? पट्टीच्या वर आणि खाली जेमतेम ०.९ मिलिमीटर जागा असते. पट्टी जराशी जरी तिरकी झाली, तरी पुढच्या वेळी केबल घालताना तिचं तोंड थेट पट्टीच्या टोकावर आदळतं. मग प्लास्टिक तडकतं, संपर्क उचकटतात, आणि पट्टी केबलसोबत बाहेर आलेले फोन मी टेबलावर पाहिले आहेत. त्याला साफसफाई पुरत नाही, पोर्ट किंवा अख्खा चार्जिंग बोर्ड बदलावा लागतो. पाचशे वाचवायला निघालेला माणूस त्याच्या कितीतरी पट मोजतो.

हा सल्ला आला कुठून, याचा मला अंदाज आहे. जुन्या मायक्रो यूएसबी केबलच्या तोंडावर दोन बारीक हुक असायचे. ते दबले की केबल निसटायची. लोक सुईने ते हुक वर उचलायचे आणि काही दिवस काम भागायचं. पण तो इलाज केबलवर होता, फोनमध्ये नाही. कुणीतरी तोच उचलून फोनला लावला आणि पुढे ढकलला.

आता पहिला मुद्दा. इथे अर्धं खरं आहे, ते नाइलाजाने मान्य करतो. लूज चार्जिंगच्या बऱ्याच तक्रारींमागे निव्वळ कचरा असतो. खिशातले, पर्सच्या अस्तरातले धागे पोर्टात जातात आणि दर वेळी केबल त्यांना आणखी तळाशी ठासते. काही महिन्यांत तिथे नमद्यासारखा घट्ट थर होतो. केबल तळापर्यंत पोहोचत नाही, म्हणून स्प्रिंगा खाचेत बसत नाहीत आणि केबल लोंबते. आत्याच्या फोनमध्ये नेमकं हेच होतं. केबल पूर्ण लावल्यावर प्लास्टिकची कड फोनला जवळपास टेकायला हवी, तिच्याकडे मात्र जवळजवळ मिलिमीटरभर धातू बाहेर राहत होता. दुसरी केबल लावून बघितली, तीही तशीच लोंबली. म्हणजे दोष केबलचा नाही. दुसरी केबल घट्ट बसली असती, तर पहिली फेकायची आणि पोर्टाला हातही लावायचा नाही.

पण काढायचं कशाने? लोखंडी पिनने नाही. पिन घातली की स्फोट होतो, असली उलटी अफवा मी पसरवणार नाही. नुकसान साधं आणि गुपचूप होतं. टोकदार पोलाद संपर्कांवरचा सोन्याचा पातळ मुलामा ओरबाडतं. उघड्या पडलेल्या धातूला पावसाळ्यातली दमट हवा लागली की तो हिरवट-काळा पडू लागतो. मग फास्ट चार्जिंग जातं, केबल ओळखली जात नाही, आणि दोष पिनचा होता हे कुणाच्या लक्षातही राहत नाही. आयफोन १४ पर्यंतच्या लाइटनिंग पोर्टात तर स्प्रिंगसारख्या नाजूक पिना फोनच्या आतच असतात. सुई तिथे अडकली की पिन वाकलीच. वाकलेली पिन घरी सरळ करायला जाऊ नये, ती तुटते.

आत्याला मी लाकडी टूथपिक घ्यायला सांगितली. ती अख्खी आत जात नाही, म्हणून चाकूने दोन्ही बाजूंनी तासून चपटी करायची, ०.९ मिलिमीटरच्या फटीत सैल जाईल इतकी. फोन बंद, केबल काढलेली, पोर्टाचं तोंड खाली. टूथपिक पट्टीला नव्हे, बाहेरच्या भिंतीला टेकवून तळापर्यंत न्यायची आणि थर हळूच बाहेर ओढायचा. आत दाबायचा नाही. आधी एका कोपऱ्यातून सैल करायचा, मग दुसऱ्या. तिने व्हिडिओ कॉलवर काढून दाखवला. करड्या रंगाचा, पोर्टाच्याच आकाराचा चपटा तुकडा, त्यात तिच्या निळ्या बटव्याचा धागा स्पष्ट दिसत होता. नंतर कोरड्या मऊ ब्रशने झटकलं आणि केबल ‘टक्’ करून बसली.

दुसऱ्या मुद्द्यावर फार वेळ घालवत नाही. सॅनिटायझरमध्ये पाणी असतं, आणि जेलमध्ये तर चिकट घटकही. वाळल्यावर मागे जे उरतं, त्यावर धूळ आणखी बसते. तोंडाच्या फुंकरीत ओलावा असतो, थुंकी वेगळीच. कॅमेऱ्याचा रबरी ब्लोअर असेल तर तो वापरा. आत चिकट काही दिसलंच, तर ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल ब्रशच्या टोकाला लावून, थेंब न सांडता, आणि पूर्ण वाळेपर्यंत चार्जर लांब. पोर्ट ओलं झालं असेल, तर मात्र टूथपिक, कापूस काहीच आत घालू नका. पोर्ट खाली करून हलकेच झटका आणि हवेत वाळू द्या.

राहिले दुकानदार. मी स्वतः त्यातलाच, त्यामुळे माझं म्हणणं चिमूटभर मीठ टाकून ऐका. साफ करून भागलं असतं तिथे बोर्ड बदलणारे आहेत, हे खोटं नाही. पण मग काय मागायचं ते माहीत करून घ्या. पोर्ट साफ आहे, केबल तळापर्यंत बसते, तरी जरा हलवली की चार्जिंग तुटतं, किंवा पट्टी तिरकी दिसते, संपर्क काळे पडलेत, तर ते काम घरचं नाही. दुकानात जाऊन आधी तुमच्यासमोर पोर्ट उजेडात दाखवायला सांगा. साफ करण्याचे आणि बदलण्याचे पैसे वेगवेगळे विचारा. बोर्ड बदललाच, तर जुना परत मागून घ्या.