सस्नेह नमस्कार आणि तीन ओळींची भिंत

काल लिंक्डइनवर माझं अभिनंदन झालं. कशाबद्दल, ते करणाऱ्यांना ठाऊक नव्हतं.

मी लिहिलं होतं ते आमच्या लाइनवरच्या रिजेक्शनबद्दल. शंभरांत अकरा नग रद्दीत जात होते, आणि सहा महिने झटून सापडलेला गुन्हेगार निघाला एक टेबलफॅन. पण सुरुवात केली होती अशी: ‘सर्वांना सस्नेह नमस्कार! एक अनुभव आपल्यासमोर मांडताना मला अतिशय आनंद होत आहे.’ मग एक ओळ मोकळी सोडली, शोभेला. फोनवर साधारण तीन ओळी दिसतात आणि पुढे ‘…more’. त्यातली एक त्या शोभेनं खाल्ली, उरलेल्या आनंदानं. पंखा भिंतीपलीकडेच राहिला. लोकांना वाटलं, नवी नोकरी लागली.

त्याच दिवशी आमच्याकडच्या एका ज्युनियरनं ‘काल साहेबांनी मला रडवलं.’ एवढ्यावर ओळ तोडली. मीही लगेच उघडलं. आत स्टेपलरची गोष्ट होती! तिला दोन हजार लाइक. माझ्या सहा महिन्यांना चौदा, त्यातले तीन घरचे.

सासरे तारखात्यातून निवृत्त. तार २०१३ साली बंद झाली, सासरे झाले नाहीत. त्यांनी चष्मा चढवून माझा मजकूर वाचला आणि पेन मागितलं.

“सस्नेह कशाला?”

“रीत असते, अप्पा.”

“शब्दाला पैसे पडतात.”

“इथे फुकट आहे. तीन हजार अक्षरं चालतात.”

“मग पडद्याआड का ढकलली?”

मी गप्प. त्यांनी ‘नमस्कार’ खोडला, ‘अतिशय’ खोडला, ‘आनंद’वर जरा थांबले. “लग्न, दिवाळी, बारसं, सगळ्या शुभेच्छांना आमच्याकडे नंबर होते. आनंद नंबरानं पाठवायचा. बातमी मात्र अक्षरी.” मग बोट ठेवलं सातव्या ओळीवर: “बातमी इथे आहे. ही वर घ्या.”

खरं सांगतो, राग आला. आईवडिलांनी दारात नमस्कार करायला शिकवलं, आणि आता दारातच ‘रडवलं’ म्हणून किंचाळावं लागतं. २०२० साली लिंक्डइनच्याच इंजिनियरांनी लिहिलं होतं की वाचणारा मजकुरावर किती वेळ रेंगाळतो, तेही ते धरतात. म्हणजे न उघडलेली पोस्ट दुहेरी मरते: समोरचा वाचत नाही आणि पुढच्याला ती दिसण्याची शक्यताही घटते. नम्रतेचा एवढा दंड तर आरटीओही करत नाही.

तरी ओळ बदलली. ‘शंभरांतले अकरा नग आम्ही फेकत होतो. दोष मशीनचा नव्हताच.’ कारण मुद्दाम खाली ठेवलं; पंख्याचं नाव वरच घेतलं असतं तर कोण कशाला उघडेल? मोकळी ओळही काढली. पोस्टवर ‘Edited’ असा डाग पडला.

अप्पांना दाखवलं. वाचलं, अंगठा घुटमळला, ‘…more’ दाबलं. मी मनात पेढे वाटले. त्यांनी शेवटपर्यंत वाचून फोन परत दिला.

“गरम नग पंख्यापुढे धरून माप घेत होते, एवढंच ना? मग खाली इतकं काय लिहिलंय?”