चालत गेलेली पोर आणि रात्रीचे दीड तास

«दादा, तुमचा लेख डॉक्टरांची बाजू घेतो. आमची भाची स्वतःच्या पायांनी दवाखान्यात गेली आणि चादरीत परत आली. याहून मोठा पुरावा कोणता? आणि नुसतं कागद कागद करता, शेतकरी माणसाने कागद आणायचे कुठून? – पारोळा तालुक्यातला एक मामा»

भाऊ, तुमचं दुःख मोठं आहे, म्हणून गोलमोल बोलत नाही. चालत गेलेली पोर दगावली, एवढ्यावर निष्काळजीपणा सिद्ध होत नाही. बाळंतपणानंतर गर्भपिशवी आवळली नाही तर रक्त थांबत नाही, आणि चांगल्या डॉक्टरच्या हातूनही अशी बाई जाते. ग्राहक आयोग पाहतो ते दुसरंच. त्या जागी साधारण जाणकार डॉक्टरने जे केलं असतं, ते इथे केलं का? आणि नाही केलं, तर त्यामुळेच जीव गेला का?

माझ्याकडचं एक प्रकरण सांगतो. तालुक्याच्या गावचा खासगी दवाखाना, तेवीस वर्षांची मुलगी, पहिलं बाळंतपण. रात्री 2:10 ला बाळ झालं. पहाटे जळगावला नेताना अँब्युलन्समध्ये ती गेली. घरचे आले ते एकच धरून: ‘चुकीचं इंजेक्शन दिलं.’ आई तर ‘आमनी पोर गयी’ याच्यापुढे बोलूच शकत नव्हती.

इंजेक्शनमध्ये काहीच नव्हतं. पिशवी आवळण्याचं नेहमीचं औषध होतं ते. खरी गोष्ट नर्सच्या चार्टवर होती. बाळंतपणानंतरचे पहिले दोन तास दर पंधरा मिनिटांनी नाडी, बीपी, पोटावर हात ठेवून पिशवी कडक आहे का आणि अंगावरून किती जातंय, हे बघायचं असतं. चार्टवर 2:30 ला नाडी 96, बीपी 110/70. पुढची नोंद थेट 4:00 ची: नाडी 140, बीपी 70/40. मधल्या पाच नोंदी नाहीत. ती कागदावर बोट ठेवून मोजून दाखवता येणारी जागा आहे.

याच दवाखान्यात दर पंधरा मिनिटांची नोंद असती, रक्त वाढताच एकामागून एक औषधं दिलेली असती, रक्ताची चिठ्ठी वेळेत गेलेली असती आणि तरीही ती गेली असती, तर मी घरच्यांना तक्रार करू नका असंच सांगितलं असतं.

आता शेतकरी कागद कुठून आणणार? या घरात कागद होते, त्यांना माहीत नव्हतं. नवऱ्याच्या मोबाइलमध्ये 3:05 चा बहिणीला केलेला कॉल होता. ‘कपडे भिजताहेत, सिस्टर म्हणते असंच असतं,’ असं तो बोलला होता. कॉलची यादी फक्त वेळ सांगते, म्हणून बोलणं काय झालं ते बहिणीने प्रतिज्ञापत्रावर दिलं. मेडिकलच्या बिलावर वेळ छापलेली होती. रक्तपेढीच्या चिठ्ठीवर 4:25. चार्ट नंतर कुणी भरून काढला असता, तरी या वेळा बदलल्या नसत्या.

केसपेपरसाठी लेखी अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर सहीशिक्क्याची पोच घ्या. मागणी केल्यापासून 72 तासांत कागद द्यावेत, असा डॉक्टरांच्या आचारसंहितेचा नियम आहे. दिले नाहीत, तर ती पोचच तुमच्या उपयोगाची.

पोस्टमॉर्टेम मात्र या घरच्यांनी नाकारलं. ‘आता आणखी चिरफाड नको.’ मला कळतं ते. पण वारेचा तुकडा आत राहिला होता, पिशवी फाटली होती की नुसती सैल पडली होती, हे चितेबरोबर गेलं, आणि समोरचा वकील आजही तिथेच बोट ठेवतो.

आपल्याविरुद्धचा कागदही वकिलाला आधी दाखवा. या मुलीच्या कार्डावर आठव्या महिन्यात हिमोग्लोबिन 7.8 होतं आणि ‘मोठ्या दवाखान्यात बाळंतपण करा’ असं लिहिलेलं होतं. घरच्यांनी ते लपवलं होतं. खरं तर त्याला दुसरी बाजूही आहे: एवढं कमी रक्त माहीत असून दाखल करून घेतलं, तर रक्त हाताशी का ठेवलं नाही?

हे सगळं घेऊन दुसऱ्या जिल्ह्यातल्या स्त्रीरोगतज्ज्ञाकडे गेलो, कारण जवळचे डॉक्टर एकमेकांविरुद्ध सहसा लिहीत नाहीत. तीन जणांनी नाही म्हटलं, चौथ्या बाईंनी दोन पानांचं लेखी मत दिलं. ग्राहक आयोगात प्रत्येक वेळी असं मत लागतंच असं नाही, पण अशा गुंतागुंतीच्या प्रकरणात त्याशिवाय उभं राहणं कठीण. फौजदारीत तर 2005 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जेकब मॅथ्यू प्रकरणात सांगितलंय की खासगी तक्रारीला दुसऱ्या सक्षम डॉक्टरचं मत जोडावं. तिथे चूक ढोबळ आणि गंभीर असावी लागते. पैसे भरून घेतलेल्या उपचारासाठी म्हणून मी आधी जिल्हा ग्राहक आयोगच सुचवतो.

तिथे मुदत दोन वर्षांची. भाऊ, भाचीला जाऊन किती दिवस झाले ते लिहिलं नाहीत. ते कळवा, आणि जावयाचा त्या रात्रीचा मोबाइल विकू किंवा रीसेट करू देऊ नका. कॉलच्या यादीचे स्क्रीनशॉट आजच काढून ठेवा.