'परत लिहून आण' म्हटलं की मूल खरंच लिहितं का?

आज पुन्हा तेच ऐकलं. "शेरा वाचायलाच नको असतो यांना, आळशी झालीत मुलं." बोलणाऱ्या बाईंच्या हातात तपासलेला निबंध होता. वर 'छान प्रयत्न!' आणि खाली पानभर लाल गोल. डोकंच फिरलं माझं. ते 'छान' कशाला म्हटलंय, हे त्या मुलाला कुठून कळणार? आणि एवढ्या गोलांतून सुरुवात कुठून करायची?

माझ्याकडे एक मुलगा असाच निबंध घेऊन आला होता. विषय आजी. 'मला लिहिता येत नाही,' हे त्यानं स्वतःच ठरवून टाकलेलं. पहिला परिच्छेद नेहमीचाच, वृद्धांचा आदर करावा वगैरे. पण मध्येच एक ओळ होती: 'आजी मला बाबांच्या नावानं हाक मारते आणि मी ओ देतो.' या ओळीतलं ऱ्हस्व-दीर्घ दोन ठिकाणी चुकलं होतं. आधी तपासणाऱ्यांनी नेमके तेवढेच दोन गोल केले होते. राग येणार नाही तर काय!

मी त्या ओळीखाली पेन्सिलीनं रेघ मारली आणि बाजूला लिहिलं: 'आजी प्रेमळ आहे असं तू चार वेळा सांगितलंस, पण ती मला दिसली ती इथे.' मग एकच काम दिलं. पहिला परिच्छेद काढ, या ओळीपासून सुरू कर आणि तू ओ देतोस तेव्हा बाबा काय करतात ते दोन-तीन वाक्यांत लिही. शुद्धलेखन नंतर. गुण तर मुळीच दिले नाहीत. आकडा दिसला की मूल वही मिटतं, निकाल लागलेला असतो ना!

साठ वह्यांना असं लिहिणं जमत नाही, मान्य. आणि नुसतं गोड बोलून भागत नाही, हेही मान्य. चूक लपवली तर मुलांना लगेच कळतं, मग खऱ्या कौतुकावरही त्यांचा विश्वास बसत नाही. त्या मुलाला मी सांगितलंच होतं, की पहिला परिच्छेद तुझा नाही, पाठ केलेला आहे. त्याला ते झोंबलं नाही, कारण त्याचं स्वतःचं काय आहे ते त्याला आधी दाखवलं होतं.

दुसरा खर्डा आला तो काही फार सफाईदार नव्हता. बाबांबद्दलचं एक वाक्य तर पार गुंतलेलं. पण तो पाठ केलेला पहिला परिच्छेद गेला होता, आणि 'आता शुद्धलेखन बघता का?' हे त्यानंच विचारलं. तेव्हा लाल पेन काढलं मी, खुशाल.

बाईंवर चिडले खरी, पण गठ्ठा त्यांच्याही डोक्यावर आहेच. एवढंच मागणं आहे: वर्गातली जी चार-पाच मुलं गप्प झालीत, त्यांच्या वह्यांवर एक ओळ निवडा, ती का जमली ते लिहा, एकच बदल सांगा आणि गुण दुसऱ्या खर्ड्यापर्यंत राखून ठेवा.